सहा मित्र, एक पडदा: कुणालाच कंटाळा येणार नाही असा सिनेमा निवडण्याचं एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नावं वगळली आहेत. प्रत्येकाचा उल्लेख त्याच्या किंवा तिच्या कामावरून केला आहे.)

पार्श्वभूमी

कॉलेजपासूनचे सहा मित्र. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि एकत्र सिनेमा बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. गटात एक नर्स, एक वकील, एक शिक्षिका, एक अकाउंटंट, एक व्हिडिओ संकलक आणि एक आर्किटेक्ट. मैत्री जुनी, पण आवडी सहा दिशांना. वकिलाला वेग हवा, संकलकाला काहीतरी न पाहिलेलं हवं, अकाउंटंटला रक्त सहन होत नाही, शिक्षिकेला माणसांची गोष्ट हवी, नर्सला हसायचं असतं आणि आर्किटेक्टचं उत्तर ठरलेलं: "मला काहीही चालेल."

मी छोट्या गटांसाठी सिनेमांचे खेळ ठरवण्याचं काम करतो. आर्किटेक्टने मला फोन केला तेव्हा तीन संध्याकाळी वाया गेल्या होत्या आणि चौथ्यांदा कुणी येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

पहिल्या वेळी हात वर करून मतदान झालं आणि चार विरुद्ध दोन मतांनी एक भयपट ठरला. अकाउंटंट अर्ध्यातच दुसऱ्या खोलीत जाऊन बसला, शिक्षिकाही थोड्या वेळाने त्याच्यापाशी गेली. दुसऱ्या वेळी पाळी लावली. पहिली पाळी संकलकाची होती आणि त्याने 'टोकियो स्टोरी' लावला. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा हा 1953 चा सिनेमा 136 मिनिटांचा आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला, जवळजवळ न हलणारा, आणि गोष्ट म्हणजे म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे राहायला येतात, एवढीच. सिनेमा थोर आहे, यात वाद नाही. पण तो सुरू झाला सव्वानऊनंतर. नर्स सव्वादहाच्या सुमारास झोपली आणि वकील मोबाइलवर मेल वाचत बसला. तिसऱ्या वेळी कुणालाच जोखीम घ्यायची नव्हती. एकामागून एक ट्रेलर बघण्यात जवळपास तास गेला आणि सिनेमा न बघताच सगळे घरी गेले.

अडचण नेमकी कुठे होती

"आमच्या आवडीच जुळत नाहीत गं" असं सगळे आर्किटेक्टला सांगत होते. मला ते पटलं नाही. आवडी न जुळणारे गट मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांतले पुष्कळ मजेत सिनेमे बघतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. सगळ्यांना सर्वात जास्त आवडेल असा सिनेमा शोधणं हे एक काम. कुणालाच नकोसा होणार नाही असा सिनेमा शोधणं हे दुसरं. गटाला हवं होतं दुसरं, पण ते पद्धती वापरत होते पहिल्याच्या.

शिवाय कंटाळा आला म्हणजे काय झालं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. "मला स्लो सिनेमे आवडत नाहीत" या वाक्याचे चार अर्थ होऊ शकतात. पात्रांना काय हवंय ते कळत नाही, हा एक. झोप येतेय, हा दुसरा. सबटायटल वाचून डोळे दमले, हा तिसरा. पुढे काय होणार ते आधीच कळलं, हा चौथा. चारही वेळा माणूस "स्लो" असंच म्हणतो, पण उपाय चारही वेळा वेगळा असतो.

विचारात घेतलेले पर्याय

बहुमत. सोपं आणि झटपट. पण मतदानात नुसतं "हवा" की "नको" एवढंच कळतं. ज्याला थोडासा नको आहे आणि ज्याला अजिबात सहन होणार नाही, त्या दोघांचं मत सारखंच मोजलं जातं. भयपटाच्या वेळी हेच झालं. हात वर करणाऱ्या चौघांपैकी दोघांना दुसरा सिनेमाही तितकाच चालला असता. विरोधातल्या दोघांची मात्र संध्याकाळच गेली.

पाळी. न्याय्य वाटते, कारण वर्षभरात प्रत्येकाला दोनदा संधी मिळते. पण हा न्याय वर्षाच्या हिशेबात होतो, संध्याकाळ मात्र एकेकच येते. ज्याची पाळी असते तो आपल्या मनातला सगळ्यात लाडका सिनेमा काढतो आणि लाडका सिनेमा बहुधा सगळ्यात टोकाचा असतो.

गुणांची सरासरी. प्रत्येकाने प्रत्येक सिनेमाला 0 ते 3 गुण द्यायचे आणि बेरीज करायची. मतदानापेक्षा हे बरं, तरी एक भोक उरतंच. एका सिनेमाला पाच जणांनी 3 आणि एकाने 0 दिला, तर बेरीज 15. दुसऱ्याला सहाही जणांनी 2 दिले, तर 12. सरासरी पहिल्याला जिंकवते आणि तो शून्यवाला माणूस पुन्हा दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

सर्वात कमी गुण बघणं. इथे बेरीज नंतर बघायची. आधी प्रत्येक सिनेमाला मिळालेला सर्वात कमी गुण बघायचा आणि तो ज्याचा जास्त असेल तो सिनेमा घ्यायचा. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 'मूव्हीलेन्स' या सिनेमे सुचवणाऱ्या सेवेवर गटांसाठी 'पॉलीलेन्स' नावाचा प्रयोग केला आणि 2001 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी हाच नियम वापरला: गटाचं समाधान म्हणजे गटातल्या सर्वात नाखूश माणसाचं समाधान. त्यांचे गट लहान होते आणि लहान गटात हा नियम चालतो. पन्नास माणसांत कुणीतरी एक जण नाराज असणारच, तिथे तो निरुपयोगी ठरतो. सहा जणांच्या खोलीत मात्र एक नाराज माणूस सगळ्यांना दिसतो आणि मग उरलेल्यांचीही मजा जाते.

या नियमाचे दोन धोके मी आर्किटेक्टला आधीच सांगितले. एक, हट्टी माणूस सगळ्याला शून्य देऊन गटाला वेठीला धरू शकतो. दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो: निव्वळ हा नियम पाळला तर कुणाचाच राग न येणारा, पण कुणाला फारसा हवाही नसलेला गुळमुळीत सिनेमा पुढे येतो. सहाही जणांनी 1 दिला, तर तो सहा जणांचा सौम्य कंटाळाच. म्हणून सर्वात कमी गुण सारखे आले तर बेरजेकडे जायचं आणि यादीतल्या प्रत्येक सिनेमाला निदान एक तरी खरा चाहता असला पाहिजे, असं ठरलं.

पहिला निर्णय: यादी कोणी करायची

इथे गटाने केलेली निवड मला अजूनही आवडते. यादी करायचं काम "काहीही चालेल" म्हणणाऱ्या आर्किटेक्टकडे दिलं गेलं.

असं म्हणणारा माणूस गटात निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्यामुळे माहिती हरवते. जेरी हार्वे या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने 1974 मध्ये लिहिलेला 'ॲबिलीन पॅरडॉक्स' याच प्रकारचा आहे. एका घरातली चार माणसं उन्हाच्या तडाख्यात लांबच्या ॲबिलीन गावी जेवायला जातात आणि परतल्यावर कळतं, की मनापासून जायचं कुणालाच नव्हतं. दुसऱ्याला हवं असेल असं समजून प्रत्येकाने होकार भरला होता. भयपटाच्या मतदानात आर्किटेक्टने हात वर केला होता, तोही "बाकीच्यांना हवा दिसतोय" म्हणून. यादी करायला बसल्यावर मात्र तिला बाकीच्यांचं नीट ऐकून घ्यावं लागलं आणि स्वतःला काय आवडतं तेही ठरवावं लागलं.

प्रश्न विचारण्याची पद्धत

तिने प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. "कुठल्या प्रकारचे सिनेमे आवडतात?" हे विचारायचं नाही, असं मी सुचवलं होतं. त्याला लोक स्वतःबद्दलची छान छान उत्तरं देतात. तिने विचारलं, "शेवटचा कुठला सिनेमा बघताना तुझा हात मोबाइलकडे गेला, आणि पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं?"

वकील म्हणाला, "अगं, टोकियो स्टोरी. कोणाला काय पाहिजे तेच कळेना." पण पुढे बोलताना त्याने दोन तासांहून मोठ्या, निव्वळ बोलण्यावर चालणाऱ्या एका कोर्टातल्या सिनेमाचं तोंडभरून कौतुक केलं. म्हणजे हळू चाल हे त्याच्या कंटाळ्याचं कारण नव्हतं. उत्तर हवंसं वाटेल असा एखादा प्रश्न समोर असला की तो कितीही वेळ बसतो.

नर्सचं उत्तर अगदी साधं निघालं. तिला त्या दिवशी सकाळची ड्यूटी होती, पहाटे पाचला उठलेली. "अंधार केला आणि मऊ सोफ्यावर बसवलं, तर मी कशालाही झोपेन गं." तिची अडचण सिनेमात नव्हती, घड्याळात होती. आठ-साडेआठला जमायचं म्हणून ठरलेला सिनेमा गप्पांमुळे नेहमी नऊनंतरच सुरू व्हायचा.

अकाउंटंटने स्वतःच फरक करून सांगितला. भीतीचं काही नाही, पण जखम जवळून दाखवली की त्याला घेरी येते. दाराआडून किंकाळी ऐकू आली तर चालेल. संकलकाचा कंटाळा धंद्यातून आलेला: पुढचा शॉट काय असणार हे आधीच कळलं की त्याचं लक्ष उडतं. शिक्षिका म्हणाली, सबटायटल वाचताना पुढे बसलेल्यांची डोकी मध्ये येतात आणि खालची ओळ दिसत नाही.

पाच फोनांत कळलं ते एवढं: दोघींच्या तक्रारी तर सिनेमाविषयी नव्हत्याच. सुरू करायची वेळ आणि बसायची जागा बदलली की त्या निम्म्याने सुटत होत्या.

यादी

आर्किटेक्टने पाच सिनेमे काढले. लांबीची मर्यादा सव्वादोन तास. लोकांचं मत बघताना तिला मी एका गोष्टीची आठवण करून दिली. रॉटन टोमॅटोजवरचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच तो सांगतो. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला सिनेमाही तिथे 95 टक्के मिळवू शकतो. मिश्र गटासाठी हे उपयोगाचं असतं, कारण किती जणांना नकोसा झाला, हेच त्यातून कळतं. उलट आयएमडीबीवर एकूण आकड्यापेक्षा त्यामागची गुणांची विभागणी बघावी. दहा देणारे खूप आणि एक देणारेही खूप, अशी दोन टोकं दिसली तर तो सिनेमा एखाद्यासाठी जीव की प्राण असेल, पण सहा जणांसाठी जोखमीचा.

यादी अशी झाली. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015, 120 मिनिटं), 'पॅरासाइट' (2019, 132 मिनिटं), '12 अँग्री मेन' (1957, 96 मिनिटं), 'नाइव्हज आउट' (2019, 130 मिनिटं) आणि 'रिअर विंडो' (1954, 112 मिनिटं).

प्रत्येकाने आपले गुण गुपचूप तिला पाठवले. 0 म्हणजे "हा लावलात तर मी येत नाही", 1 म्हणजे "बसेन", 2 म्हणजे "आवडेल", 3 म्हणजे "हाच लावा". शून्य आणि एक देताना एका ओळीत कारण द्यायचं. कारण मागितलं की उगाच शून्य देणं आपोआप कमी होतं, हा माझा अनुभव.

| | नर्स | वकील | शिक्षिका | अकाउंटंट | संकलक | आर्किटेक्ट | बेरीज | सर्वात कमी |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| फ्युरी रोड | 3 | 3 | 2 | 0 | 3 | 3 | 14 | 0 |
| पॅरासाइट | 2 | 3 | 1 | 0 | 3 | 3 | 12 | 0 |
| 12 अँग्री मेन | 1 | 1 | 3 | 3 | 2 | 1 | 11 | 1 |
| नाइव्हज आउट | 3 | 2 | 2 | 1 | 1 | 2 | 11 | 1 |
| रिअर विंडो | 1 | 2 | 2 | 3 | 3 | 2 | 13 | 1 |

दुसरा निर्णय: शून्य पाळायचं की नाही

सर्वाधिक बेरीज 'फ्युरी रोड'ची. संकलकाला तो हवाच होता. या सिनेमासाठी मार्गारेट सिक्सेल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं आहे आणि त्याने तो पूर्वी छोट्या पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. "एकट्या अकाउंटंटसाठी पाच जणांनी का थांबायचं?" असं वकिलाने विचारलं. अकाउंटंटनेच मग तोडगा सुचवला की त्या दिवशी तो येणार नाही.

हा तोडगा आर्किटेक्टने नाकारला आणि माझ्या मते योग्यच केलं. ज्याला नको असेल त्याने घरी थांबायचं, हा नियम एकदा रुजला की गट चार महिन्यांत तिघांचा होतो. पण वकिलाचा प्रश्नही चुकीचा नव्हता. त्यातून एक जास्तीचा नियम निघाला: गटातला एखादा जण काही कारणाने येणार नसेल, तर त्या दिवशी त्याच्या शून्यामुळे अडलेला सिनेमा लावायचा. अकाउंटंट पुढच्या महिन्यात एका लग्नाला जाणार होता. 'फ्युरी रोड' त्या तारखेला लागला.

तिसरा निर्णय: तीन सिनेमे, तिघांचा सर्वात कमी गुण एक

आता नियम अडला. उरलेल्या तिन्ही सिनेमांचा सर्वात कमी गुण 1 होता. बेरजेने 'रिअर विंडो' पुढे होता, तरी आर्किटेक्ट कचरत होती, कारण त्याला 1 देणारी नर्स होती. 'टोकियो स्टोरी'च्या वेळी झोपलेली तीच. पुन्हा तिच्याच वाट्याला सर्वात कमी गुणांचा सिनेमा आला, तर तिला काय वाटेल?

इथे आम्ही आकडे बाजूला ठेवून कारणं वाचली, आणि मला वाटतं या प्रकरणातली खरी निवड इथेच झाली. 'नाइव्हज आउट'ला संकलकाने 1 दिला होता: "एकदा पाहिलाय." खून कोणी केला हे शोधण्यावर उभा असलेला सिनेमा दुसऱ्यांदा बघताना त्याच्यातला मुख्य इंधनसाठा संपलेला असतो. जो आधी पाहिलाय त्याच्यासाठी यावर इलाज नाही. उलट तोंडातून काही निसटून बाकीच्यांचीही मजा जाण्याची भीती. अकाउंटंटचं कारण होतं, की आयएमडीबीच्या पालकांसाठीच्या सूचनांत त्याने रक्ताचा उल्लेख वाचला होता. यावरही इलाज नाही. '12 अँग्री मेन' जवळजवळ अख्खा एका खोलीत, खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्यूरी सदस्यांच्या चर्चेत घडतो. वकिलाने लिहिलं होतं, "दिवसभर हेच करतो, संध्याकाळी नको." हेही समजण्यासारखं.

आणि 'रिअर विंडो'पुढे नर्सने लिहिलं होतं: "सुरुवात संथ आहे असं ऐकलंय. झोप लागेल."

हे कारण दुरुस्त करता येण्यासारखं होतं. सिनेमा न बदलता, घड्याळ बदलून. म्हणून 'रिअर विंडो' ठरला. अट एकच: सव्वासातला पडदा सुरू, गप्पा नंतर. मध्ये दहा मिनिटांची विश्रांती धरूनही सिनेमा साडेनऊच्या आत संपणार होता.

हा सिनेमा या सहा जणांना का जुळण्यासारखा होता, तेही सांगतो, कारण निवड नुसत्या गुणांवर झाली नाही. आल्फ्रेड हिचकॉकच्या या सिनेमात पाय मोडून घरात अडकलेला एक छायाचित्रकार खिडकीतून समोरच्या इमारतीतली माणसं बघत बसतो आणि एका शेजाऱ्यावर त्याचा संशय बसतो. म्हणजे वकिलाला हवा असलेला प्रश्न आहे: त्या घरात काही घडलं की नाही? समोरच्या प्रत्येक खिडकीत एकेक छोटी गोष्ट चालू असते, ती शिक्षिकेसाठी. भयंकर गोष्टी बोलण्यात येतात, पण डोळ्यांसमोर जखमा दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे अकाउंटंट सुरक्षित. सगळं इमारतींच्या मधल्या एका मोकळ्या चौकाभोवती, स्टुडिओत उभारलेल्या 31 घरांच्या सेटवर घडतं. आर्किटेक्टने ते वाचल्यावर आपला 2 पुसून 3 करायची परवानगी मागितली, आम्ही दिली नाही. आणि त्या छायाचित्रकाराची शुश्रूषा करायला एक फटकळ नर्स येते. हे आमच्या नर्सला मुद्दामच सांगितलं नाही.

मिश्र आवडींच्या गटासाठी मी नेहमी असाच सिनेमा शोधतो, ज्यात आत शिरायची दारं अनेक असतात. दोन-तीन प्रकार ठोकून जोडलेला सिनेमा, म्हणजे थोडी मारामारी, थोडा विनोद, थोडं प्रेम, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात प्रत्येकाला आपला तुकडा येईपर्यंत वाट बघावी लागते. इथे मात्र एकाच दृश्यात सहा जण सहा गोष्टी बघू शकत होते.

त्या संध्याकाळी

शिक्षिकेला मधली, डोकी मध्ये न येणारी जागा दिली, सबटायटलची अक्षरं एका मापाने मोठी केली. सिनेमा सात वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. अकाउंटंटला आधी एवढंच सांगितलं, की भयानक गोष्टीचं बोलणं होईल, दिसणार काही नाही.

पहिला अर्धा तास कसोटीचा गेला. विसाव्या मिनिटाच्या सुमारास वकिलाने विचारलं, "अरे, सुरू कधी होणार?" किती वेळ झाला, किती उरला हे कुणी विचारू लागलं, की कंटाळा येऊ लागलाय असं समजावं. मोबाइल हातात घेण्याच्या आधी ही पायरी येते. अशा वेळी सिनेमा थांबवून "बदलूया का?" विचारणं ही हमखास चूक असते, कारण तेव्हा चार जण रमलेले असतात आणि थांबवल्यावर तेही बाहेर येतात. आर्किटेक्टने तो प्रश्न हसण्यावारी नेला. थोड्याच वेळात नर्सने पडद्यावरच्या नर्सचं एक वाक्य ऐकून मोठ्याने हसून दाद दिली आणि खोली सैलावली.

विश्रांती एका दिवसाचं दृश्य काळोखात विरून संपतं तिथे घेतली. या सिनेमात असे टप्पे आहेत आणि तिथे थांबलं की धागा तुटत नाही. त्या दहा मिनिटांत वकील आणि अकाउंटंट पुराव्यावरून तावातावाने भांडले. वकिलाचं म्हणणं, यातलं एकही कोर्टात टिकणार नाही. अकाउंटंट म्हणाला, "हिशेब जुळतोय रे, अजून काय पाहिजे?" तेव्हा आर्किटेक्टने मला मेसेज केला की झोपलेलं कुणी नाही.

शेवटी पुन्हा सगळ्यांनी गुपचूप गुण दिले. अकाउंटंट 3, आर्किटेक्ट 3, संकलक 3, नर्स 2, वकील 2. आणि शिक्षिका 1.

वेगळं काय करता आलं असतं

शिक्षिकेचा 1 कुणालाच अपेक्षित नव्हता. आधी तिने 2 दिला होता, तिची एकमेव तक्रार सोडवली होती, म्हणून आमचं सगळं लक्ष नर्सवर होतं. तिने दिलेलं कारण मला शिकवून गेलं. संवाद भरभर आहेत आणि इंग्रजी बोलणं तिला झपाट्याने कळत नाही, म्हणून ती सबटायटल वाचत होती. पण हा सिनेमा वाचण्याचा नाही, बघण्याचा आहे. ओळ वाचून डोळे वर येईपर्यंत समोरच्या खिडकीतलं काहीतरी घडून गेलेलं असायचं. बाकीचे "बघ, बघ!" म्हणायचे आणि तिला कळायचं नाही कुठे.

अक्षरं मोठी करून आणि जागा बदलून आम्ही ओळी दिसण्याची अडचण सोडवली. ओळी वाचण्यात चित्र निसटतं, ही अडचण तशीच राहिली. तिच्या पहिल्या फोनमध्येच याची खूण होती. "तुला सबटायटल त्रास देतात का?" एवढंच विचारलं गेलं. "सबटायटल नीट दिसली, तर मग काही अडतं का?" असा पुढचा एक प्रश्न विचारायला हवा होता. सबटायटलवर अवलंबून असलेला एक जरी माणूस गटात असेल, तर ज्यात बोलणं आणि बघणं एकाच वेळी दाट आहे असे सिनेमे टाळावेत किंवा डब केलेली आवृत्ती मिळते का ते बघावं. गंमत अशी, की '12 अँग्री मेन' तिला जास्त सोपा गेला असता. तिथे बोलणारा माणूसच पडद्यावर असतो, ओळ वाचताना फारसं काही निसटत नाही.

दुसरी गोष्ट यादीची. अकाउंटंटची अडचण यादी करण्याआधीच माहीत होती. तरी दोन सिनेमे असे आले, ज्यांना तो शून्य देणार हे उघड होतं. आर्किटेक्टला वाटलं, "एवढं काही नाही त्यात." हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवलं, त्याच्या नाही. त्यामुळे कागदावर पाच पर्याय दिसले, प्रत्यक्षात तीनच होते, आणि 'फ्युरी रोड'च्या वादात अकाउंटंट उगाच गुन्हेगारासारखा उभा राहिला. माहीत असलेली अडचण यादी बनवतानाच गाळली, तर शून्य द्यायची पाळी क्वचितच येते.

आणि गुणांच्या पट्टीबद्दल. 1 म्हणजे "बसेन" ही व्याख्या फार ऐसपैस ठरली. नर्सचा 1 हा थकव्याचा होता, वकिलाचा कामाचा वीट आल्याचा, संकलकाचा आधी बघितल्याचा. कारणाची ओळ नसती तर तिन्ही सारखेच दिसले असते आणि बेरजेने जो निघाला असता तो घ्यावा लागला असता. या वेळी बेरीज आणि कारणं एकाच सिनेमाकडे गेली. तशी ती नेहमी जातील असं नाही. फारकत झाली, तर मी कारणांच्या बाजूने राहीन.

पुढच्या यादीचं काम शिक्षिकेला दिलं आहे. ज्याचा गुण शेवटी सर्वात कमी येईल, त्याने पुढची यादी करायची, असा नियमच गटाने करून टाकला. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं, की तुम्हाला आवाज डब केलेला चालतो का. संकलक सोडून सगळे हो म्हणाले आहेत. संकलकाशी तिचं बोलणं अजून चालू आहे.